आधी हात, मग ‘आई गं!’

भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, कडा सुटू लागल्या. उलथनं शोधायचा कंटाळा आला म्हणून बोटंच पुढे गेली आणि अंगठा तव्याच्या काठाला टेकला. हात झटक्यात मागे आला, कोपरातून दुमडला. त्यानंतर तोंडातून निघालं, ‘आई गं!’ रोज कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरात हे घडतं आणि दरवेळी याच क्रमाने घडतं. आधी हात, मग हाक. चटका बसल्याचं कळायच्या आत हात तिथून निघालेला असतो.

विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत हाच प्रसंग आकृतीच्या रूपाने येतो. एका बाजूला गरम वस्तूला लागलेलं बोट, दुसऱ्या बाजूला मेरुरज्जूचा आडवा छेद, मध्ये दोन-तीन वळणदार रेघा. खाली प्रश्न: भागांना नावं द्या आणि प्रतिक्षिप्त क्रियेत आवेगाचा मार्ग क्रमाने लिहा. मुलांनी उत्तर पाठ केलेलं असतं: ग्राही, संवेदी चेतापेशी, मेरुरज्जूतली सहयोगी चेतापेशी, प्रेरक चेतापेशी, स्नायू. पाच नावं, एका दमात म्हणता येतात. पण प्रश्न काढणाऱ्याने आकृती उलट बाजूने काढली, हात उजवीकडचा डावीकडे नेला, नावांच्या जागी क, ख, ग अशी अक्षरं टाकली, की पाठांतर अडखळतं. कारण क्रम तोंडपाठ असला तरी कोणती रेघ आत जाते आणि कोणती बाहेर येते, हे चित्रावरूनच वाचावं लागतं.

हे वाचन सुरू करायचं ते मेरुरज्जूच्या छेदापासून, बोटापासून नव्हे. काकडीची चकती कापावी तसा हा छेद असतो. बाहेरून पांढरा भाग आणि मधोमध पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा करडा भाग. पांढऱ्या भागात वर-खाली जाणारे लांब तंतू असतात. करड्या भागात चेतापेशींच्या पेशीकाया आणि त्यांच्या एकमेकींशी होणाऱ्या गाठीभेटी. आता पाहायचं एवढंच, की फुलपाखराचे कोणते पंख अरुंद आहेत आणि कोणते रुंद. जो पंख निमुळता होत जवळजवळ छेदाच्या कडेपर्यंत पोहोचतो, ती पाठीची बाजू. जो बसका, रुंद आहे आणि कडेच्या अलीकडेच थांबतो, ती पोटाची बाजू. आणखी एक खूण म्हणजे पोटाच्या बाजूला मधोमध एक खोल खाच असते. पाठीच्या बाजूला तिच्या तोडीची खाच नसते. नकाशावर उत्तर दिशा सापडावी तसं हे आहे. एकदा पाठ कुठे हे कळलं, की आकृती कशीही फिरवलेली असो, पुढचं सरळ होतं.

मेरुरज्जूच्या प्रत्येक बाजूला दोन मुळं जोडलेली दिसतात, एक पाठीकडून आणि एक पोटाकडून. थोडं बाहेर गेल्यावर दोन्ही मिळून एकच चेता होते. त्यातल्या पाठीकडच्या मुळावर एक छोटा फुगवटा असतो. त्याला गुच्छिका म्हणतात. आकृतीतली ही सगळ्यात बोलकी खूण. ज्या मुळावर फुगवटा आहे, त्या मुळाने संवेदना आत जाते. ज्याच्यावर नाही, त्यातून हुकूम बाहेर पडतो. छेदाचे पंख धड काढलेले नसले तरी या एका फुगवट्यावरून दोन्ही बाणांच्या दिशा ठरवता येतात.

फुगवटा तिथेच का असतो, हे समजलं तर तो विसरत नाही. अंगठ्यापासून मानेतल्या मेरुरज्जूपर्यंतचं अंतर मोठ्या माणसात पाऊण ते एक मीटर भरतं आणि हे सगळं अंतर एकच संवेदी चेतापेशी पार करते. एकच पेशी, जवळजवळ मीटरभर लांब! तिची पेशीकाया मात्र केसाच्या जाडीहून क्वचितच मोठी. ही पेशीकाया अंगठ्यात नसते आणि मेरुरज्जूतही नसते. ती वाटेत, मेरुरज्जूच्या दाराशी, मुख्य तंतूला एका आखूड देठाने लटकलेली असते, फांदीला चिंच लोंबावी तशी. अशा हजारो पेशीकाया एकाच जागी गोळा झाल्या की तो फुगवटा दिसतो. प्रेरक चेतापेशीची पेशीकाया याउलट मेरुरज्जूच्या आत, पोटाकडच्या रुंद पंखात बसलेली असते. बाहेर पडतो तो फक्त तिचा लांब अक्षतंतू, म्हणून त्या मुळावर फुगवटा नसतो. सहयोगी चेतापेशी करड्या भागातून बाहेर येतच नाही.

कोणतं मूळ कशासाठी, हे आज दोन मिनिटांत सांगता येतं, पण ते शोधायला बराच काळ गेला आणि त्यावर मोठं भांडणही झालं. १८११ मध्ये लंडनमधल्या चार्ल्स बेल यांनी मित्रमंडळींपुरती एक पुस्तिका छापली. पोटाकडच्या मुळाला डिवचलं की स्नायू आखडतात, असं त्यांनी तिच्यात नोंदवलं होतं. पाठीकडच्या मुळाचं काम त्यांना नीट उलगडलं नव्हतं. ते १८२२ मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर दाखवलं. पाठीकडची मुळं कापली तर पिल्लू पाय हलवत होतं, पण त्या पायाला टोचल्याचं त्याला कळत नव्हतं. पोटाकडची कापली तर पाय लुळा पडत होता, पण टोचलेलं कळत होतं. प्रयोग क्रूर होता आणि त्या काळीही त्यावर टीका झाली. शोधाचा मान कोणाचा, यावर दोन्ही बाजूंनी पुढे वर्षानुवर्षं वाद घातला. आज तो नियम दोघांच्या नावाने ओळखला जातो. आकृतीतले दोन बाण, एक आत आणि एक बाहेर, हे त्या पिल्लांच्या पायांवरून ठरलेले आहेत. उत्तरपत्रिकेत एखादं मूल दोन्ही बाण मेरुरज्जूकडे वळवतं, तेव्हा ते माजांदींचा प्रयोगच उलटा सांगत असतं. दोन्ही तंतू आत गेले तर हात मागे घे हे स्नायूला सांगणार कोण?

आता अंगठ्याची वाट पावलापावलाने चालून पाहू. तव्याची उष्णता अंगठ्याच्या कातडीत असलेल्या चेताटोकांना जाणवते. हे ग्राही. इथून आवेग निघतो. अंगठ्याकडची कातडी प्रामुख्याने मानेतल्या सहाव्या चेतेच्या वाट्याला येते, म्हणून आवेग मनगट, दंड, खांदा असं करत मानेपाशी येतो, पाठीकडच्या मुळातून, गुच्छिकेजवळून आत शिरतो आणि फुलपाखराच्या अरुंद पंखात पोहोचतो. तिथे संवेदी चेतापेशी संपते. तिचं टोक आणि पुढच्या पेशीची सुरुवात यांच्यात अतिसूक्ष्म फट असते, तिला संपर्कस्थान म्हणतात. ही फट रासायनिक द्रव्याच्या साहाय्याने ओलांडून आवेग सहयोगी चेतापेशीत जातो आणि आणखी एक फट ओलांडून प्रेरक चेतापेशीत. कोपर दुमडणारा बायसेप्स हा दंडाचा स्नायू मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या चेतांकडून हुकूम घेतो. म्हणजे बातमी ज्या मजल्यावर आली, बहुतेक त्याच मजल्यावरून उत्तर निघतं. पोटाकडच्या मुळातून ते बाहेर पडतं, दंडात उतरतं, बायसेप्स आखडतो आणि हात मागे येतो.

उत्तरात शेवटचं नाव ‘हात’ असं लिहिलं तर ते अपुरं आहे. हात ओढला जातो, ओढणारा असतो स्नायू. चटका कातडीला बसतो आणि काम दुसरीकडे, दंडातल्या स्नायूत होतं. आकृतीत बोटाकडून निघालेली रेघ आणि स्नायूकडे गेलेली रेघ वेगवेगळ्या जागी टेकलेल्या असतात, त्या याचसाठी.

या प्रवासाला लागणाऱ्या वेळेचा हिशोब घरबसल्या मांडता येतो. चटक्याची पहिली, टोचरी बातमी नेणारे तंतू बारीक असतात. त्यांच्यातला आवेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर जातो. १५ मीटर धरू. अंतर ९० सेंटिमीटर धरलं तर मेरुरज्जूपर्यंत यायला ६० मिलिसेकंद लागले. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. दोन संपर्कस्थानं ओलांडायला प्रत्येकी अर्धा ते एक, म्हणजे दोन मिलिसेकंदांच्या आत. स्नायूकडे जाणारा तंतू जाड असतो. त्याचा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर आणि मानेपासून दंडापर्यंत अंतर जेमतेम ४० सेंटिमीटर, त्याला सात-आठ मिलिसेकंद. बेरीज सत्तरच्या आसपास. स्नायू प्रत्यक्ष आखडून हात हलायला आणखी थोडा वेळ जातो. तिकडे तीच बातमी मेरुरज्जूतून वर मेंदूकडेही निघालेली असते. हाताला दिलेल्या चटक्याची ठळक खूण मेंदूच्या विद्युत नोंदीत दिसते ती दोनशे मिलिसेकंदांच्या सुमारास. ‘आई गं’ मागाहून का येतं, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणि चुरचुर? ती आणखी उशिरा येते. अंगठ्यातून दुसऱ्या प्रकारचे तंतूही निघतात, फारच बारीक आणि संथ, सेकंदाला मीटरभर चालणारे. त्यांची बातमी मानेपर्यंत यायलाच जवळजवळ एक सेकंद लागतो. म्हणून भाजल्यावर आधी लख्ख टोचतं, मग क्षणभर काहीच नाही आणि त्यानंतर आग आग होऊ लागते. पुढच्या वेळी चटका बसला तर हा मधला रिकामा क्षण टिपता येईल.

मेंदूकडे जाणारी ही वरची फांदीच आकृतीत सर्वात जास्त घोटाळा करते. कितीतरी मुलं मार्ग लिहिताना मेरुरज्जूनंतर मेंदू लिहितात आणि मग प्रेरक चेतापेशी. ही चूक थोर परंपरेतली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांच्या माणसाच्या शरीरावरच्या ग्रंथात, जो त्यांच्या मृत्यूनंतर १६६४ मध्ये फ्रेंचमध्ये छापला गेला, एक प्रसिद्ध चित्र आहे. उकिडवं बसलेलं मूल, पायाजवळ आग आणि पायापासून थेट डोक्यापर्यंत गेलेली एक रेघ. देकार्तांच्या मते आग पायातला धागा ओढते, दोरी ओढली की दुसऱ्या टोकाला घंटा वाजावी तसं मेंदूत एक छिद्र उघडतं आणि तिथून निघालेला सूक्ष्म प्रवाह स्नायूंत जाऊन पाय मागे घेतो. बाहेरून आत आणि आतून बाहेर असा एक ठरावीक मार्ग आहे, ही कल्पना अचूक होती. वळणाची जागा तेवढी चुकली होती. पुढे अठराव्या शतकात स्टीफन हेल्स आणि एडिंबराचे डॉक्टर रॉबर्ट व्हाइट यांच्या लिखाणातून बेडकाची गोष्ट पुढे आली: डोकं नसलेल्या बेडकाचा पाय चिमटला तरी तो पाय ओढून घेतो, पण त्याचा मेरुरज्जू सुईने नष्ट केला की पाय हलत नाही. वळण मेंदूत नव्हतं, मेरुरज्जूत होतं.

मात्र मेंदू या प्रकरणात नुसता प्रेक्षक असतो असंही नाही. उकळत्या दुधाचं पातेलं पक्कड न घेता उचललं आणि पायाशी तान्हं मूल रांगत असलं, तर आई ते पातेलं तिथे टाकत नाही. दात-ओठ खात ओट्यावर ठेवते आणि मग हात झटकते. मेंदूतून खाली येणारे तंतू प्रेरक चेतापेशीला थोपवून धरू शकतात. म्हणून चांगल्या आकृतीत मेंदूकडे जाणारी आणि मेंदूकडून येणारी रेघ तुटक दाखवतात. मार्ग क्रमाने लिहा म्हटल्यावर त्या तुटक रेघेवरची नावं मुख्य क्रमात घालायची नाहीत.

पाठ केलेला क्रम दगा देतो तो आणखी एका आकृतीत. गुडघा, त्याखाली मारलेली रबरी हातोडी आणि पुढे उडालेला पाय. हा प्रतिसाद १८७५ मध्ये जर्मनीत व्हिल्हेल्म एर्ब आणि कार्ल व्हेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे नोंदवला आणि तेव्हापासून डॉक्टर तो तपासत आले आहेत. इथे ग्राही कातडीत नसतो. हातोडी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर पडते, कंडरा मांडीच्या पुढच्या स्नायूला किंचित ताणते आणि त्या स्नायूच्या आत असलेले ताण ओळखणारे ग्राही बातमी पाठवतात. ती कमरेच्या पातळीवरच्या चेतांतून मेरुरज्जूत जाते आणि संवेदी चेतापेशी सरळ प्रेरक चेतापेशीलाच भेटते. मध्ये सहयोगी चेतापेशी नाही. मुख्य मार्गावर मेरुरज्जूत संपर्कस्थान एकच. सहयोगी पेशी असते ती बाजूच्या फांदीवर आणि तिचं काम मांडीच्या मागच्या स्नायूला गप्प बसवण्याचं, म्हणजे पाय उडताना त्याने मागे खेचू नये. म्हणून हातोडीची आकृती दिसली तर आधी रेघा मोजाव्यात. तव्याच्या आकृतीत तीन पेशी आणि मेरुरज्जूत दोन फटी, हातोडीच्या आकृतीत दोन पेशी आणि एक फट. काही सोप्या पुस्तकांत गुडघ्याच्या चित्रातही तीन पेशी काढलेल्या सापडतात. परीक्षेत चित्रात जे दाखवलंय त्याप्रमाणे उत्तर द्यावं, पण खरी रचना दोनच पेशींची आहे हे माहीत असावं.

खरी समज तपासणारा प्रश्न वेगळाच असतो: आकृतीत या जागी मार्ग तुटला, तर काय होईल? ‘प’ या जागी काट मारलेली असते आणि मुलांनी सांगायचं असतं, की चटका कळेल का आणि हात हलेल का. हा प्रश्न कागदावरचा वाटतो, पण दोन रोगांनी तो माणसांच्या शरीरांवर विचारला आहे.

पोलिओचा विषाणू मेरुरज्जूत शिरतो तेव्हा नेमका फुलपाखराच्या रुंद पंखातल्या प्रेरक चेतापेशींच्या पेशीकाया मारतो. अरुंद पंख आणि गुच्छिका शाबूत राहतात. त्यामुळे पोलिओ झालेल्या मुलाच्या पायाला टोचलं तर त्याला कळतं, दुखतं, ते रडतं, पण पाय ओढून घेता येत नाही. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, कारण हुकूम देणारी पेशीच उरलेली नाही. माजांदींनी पोटाकडची मुळं कापल्यावर जे दिसलं, तेच हे. भारतात या विषाणूच्या नैसर्गिक प्रकाराच्या रुग्णाची शेवटची नोंद जानेवारी २०११ मधली आहे, पण आधीच्या पिढीतले लुळे पाय अजून आपल्यात वावरत आहेत.

कुष्ठरोगात काट दुसऱ्या टोकाला बसते. त्याचे जंतू कातडीतल्या आणि कातडीलगतच्या चेतांमध्ये मुक्काम करतात, विशेषतः कोपर, मनगट, गुडघ्याजवळ जिथे चेता वरवर आणि थंड जागी असतात. संवेदी तंतू मेले की मार्गाचं पहिलंच पाऊल पडत नाही. मेरुरज्जू धड, प्रेरक पेशी धड, बायसेप्स मजबूत, तरीही तव्याला टेकलेला अंगठा तिथेच राहतो. खबरच निघत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये रुजू झालेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे आयुष्यभर समजावून सांगितलं. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडत नाहीत. न कळलेले चटके, न कळलेल्या जखमा आणि त्यांत झालेले संसर्ग ती बोटं खातात. औषधांनी जंतू मरतात आणि रोग बरा होतो, पण फार काळ मेलेल्या चेतेची जाणीव बहुधा परत येत नाही.

म्हणून अशा माणसांना उपचारांबरोबर एक दिनक्रम शिकवतात. चुलीवरचं भांडं जाड फडक्याशिवाय धरायचं नाही. उलथनं लाकडी मुठीचं घ्यायचं. आणि रोज संध्याकाळी उजेडात बसून दोन्ही तळहात, बोटांच्या पेरांमधली जागा, तळपाय डोळ्यांनी तपासायचे. कुठे फोड आलाय का, लाली आहे का, काही रुतलंय का. कातडीतल्या ग्राहींचं काम आता डोळे करतात. खबर डोळ्यांतून मेंदूत जाते, मेंदू ठरवतो आणि मग हात मागे येतो, त्या मुलाच्या चित्रात देकार्तांनी रेघ ओढली होती तसा, डोक्यातून वळसा घालून.